रकान्यात न बसलेली वाक्यं

त्या काळात मी समुपदेशनाच्या सत्रांच्या नोंदी फार मन लावून लिहायचे. माणूस खोलीतून बाहेर पडला की दार लावून घ्यायचे आणि दोन-अडीच पानं भरून काढायचे. तो कसा बसला, काय बोलता बोलता थांबला, खिडकीकडं कितीदा पाहिलं, सगळं. कॉलेजात असताना मला लेखिका व्हायचं होतं. ते जमलं नाही, मानसशास्त्रात एम.फिल. झालं, आणि राहून गेलेली हौस मी त्या फायलींमध्ये भागवत होते. त्या कोणी वाचत नव्हतं. मी मात्र वाचायचे आणि मला बरं वाटायचं.

आमचं क्लिनिक शहरात, गारखेड्यात, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर बाहेरच्या खोलीत बसायचे, मी आतल्या. ते गोळ्या लिहून द्यायचे आणि ज्यांना बोलण्याची गरज वाटेल त्यांना माझ्याकडं पाठवायचे. मी सीबीटी करायचे. म्हणजे माणसाच्या मनात एखाद्या क्षणी कुठला विचार येतो, त्यावर त्याचा किती विश्वास आहे, त्या विचाराच्या बाजूनं आणि विरुद्ध काय पुरावा आहे, हे दोघांनी बसून तपासायचं. मग घरी करायला काहीतरी द्यायचं, पुढच्या आठवड्यात ते विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं.

ती बाई फेब्रुवारीत आली. दौलताबादहून बसनं, सोबत तिची जाऊ. (तिच्या परवानगीनं हे लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) पंचेचाळिशीची असेल. किल्ल्याच्या रस्त्यावर तिची फळांची टपरी होती, पेरू आणि हंगामात सीताफळं. शाळा चौथीपर्यंत. पाच महिन्यांपूर्वी तिची एकोणीस वर्षांची मुलगी डेंग्यूनं गेली होती. तेव्हापासून टपरी बंद होती. झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला नऊ प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवली. गेल्या दोन आठवड्यांत उदास किती वाटलं, झोप कशी, भूक कशी, स्वतःला दोष किती दिला. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. तिचे एकोणीस आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. ती म्हणाली, "डोळे मिटावं वाटतं कधी कधी. पण करत काय नाय मी. धाकटं हाय ना घरी." मी खोदून विचारलं: काही ठरवलंय का, काही जवळ ठेवलंय का. नव्हतं. ते डॉक्टरांना सांगितलं, जावेला काय लक्ष ठेवायचं ते तिच्यासमोरच समजावलं आणि दर वेळी विचारत राहिले. इतकं तरी मी बरोबर केलं.

"सगळ्यात जास्त काय टोचतं?" मी विचारलं.

"उशीर केला मी," ती म्हणाली. "दोन दिवस घरीच ठिवली. ताप हाय, उतरंल म्हणलं."

मला हवा तो विचार सापडला. मी तो कागदावर लिहिला: मी उशीर केला म्हणून ती गेली. विश्वास किती? "शंभर," ती म्हणाली.

पुढची पाच सत्रं मी त्या वाक्यावर घालवली. चौथ्या सत्रात आम्ही एक मोठं वर्तुळ काढलं. पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे. आम्ही भाकरी म्हटलं. मुलगी जाण्यात कशाकशाचा वाटा होता ते एकेक करून विचारायचं, त्याचा तुकडा कापायचा, आणि आईचा वाटा सगळ्यात शेवटी. डेंग्यूचा तुकडा. गावात साचलेल्या पाण्याचा. ज्यानं साधा ताप आहे म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलं त्या पहिल्या डॉक्टरचा. प्लेटलेट अचानक घसरल्या त्याचा. सगळं कापून झाल्यावर उरलेल्या तुकड्यावरून तिनं बोट फिरवलं.

"हा मह्या वाट्याचा?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"तीस असंल. तीस टक्के."

शंभरावरून तीस! त्या दिवशी मी तीन पानं लिहिली. भाकरीवर फिरणारं तिचं बोट, नखातली माती, "तीस असंल" म्हणतानाचा आवाज. पाचव्या-सहाव्या सत्रात त्याच वाक्याची उजळणी केली. मला वाटत होतं, आम्ही पोचतोय.

दर बुधवारी दुपारी माझी फायलींची तपासणी व्हायची. ज्यांच्याकडं मी फायली न्यायचे त्यांना मी बाई म्हणते, कारण त्यांनीच मला शिकवलं. साठी उलटलेल्या, एका कानात श्रवणयंत्र, बोलणं तुटक. रुग्णांची नावं झाकून मी फायली त्यांच्यापुढं ठेवायचे. सहाव्या सत्रानंतर त्यांनी पहिल्यांदाच या टपरीवाल्या बाईची पूर्ण फाईल मागितली. चष्मा लावून, एकही पान न वगळता वाचली. मी समोर बसून कौतुकाची वाट पाहत होते.

"कथा चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आता मला सांग, सहाव्या सत्रात तुम्ही कशावर बोलायचं ठरवलं होतं?"

मी म्हटलं, "उशिराच्या विचारावर."

"ते तू ठरवलंस. तिनं काय मागितलं होतं?"

मला आठवेना.

"दुसऱ्या सत्रात होमवर्क काय दिलंस?"

"विचारांची नोंद. रोज एक, वहीत."

"केलं तिनं?"

मी पानं उलटली. तिसऱ्या सत्राच्या अडीच पानांत होमवर्कबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी ती आल्याबरोबर रडायला लागली होती. त्या रडण्याबद्दल मी छान लिहिलं होतं.

बाईंनी फाईल मिटली. "उद्या तू आजारी पडलीस आणि ही बाई दुसऱ्या कुणाकडं गेली, तर त्या माणसाला हे वाचून काय कळेल? तुला कसं वाटलं ते कळेल. हे सगळं चार रकान्यांत मांडून आण. अजेंडा. तपासलेले विचार, आधीचा आणि नंतरचा विश्वास आकड्यात. होमवर्क, म्हणजे मागचं झालं का आणि पुढचं काय. आणि चौथा, प्रगतीचे गुण. सहाही सत्रं एका कागदावर, एकाखाली एक."

मला राग आला. जिवंत माणसाचं दुःख चौकटीत कोंबायचं, असं काहीतरी मी पुटपुटले. श्रवणयंत्र असूनही त्यांनी ते ऐकलं.

"चौकट दुःखासाठी नाही गं," त्या म्हणाल्या. "आपण काय विसरलो ते दिसावं म्हणून असते."

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी जमिनीवर बसले. मोठा कागद आडवा धरून चार रकाने पाडले आणि एकेक सत्र वाचून त्यात उतरवायला घेतलं.

अजेंड्याच्या रकान्यात सहाही ओळींत जवळजवळ तेच आलं: उशिराचा विचार, उशिराचा विचार, भाकरी, उशिराचा विचार. तिनं सुचवलेला एकही मुद्दा नव्हता. मी तिला विचारलंच नव्हतं. "आज काय बोलायचं?" हा सत्राचा पहिला प्रश्न असायला हवा, मी "कसा गेला आठवडा?" म्हणायचे आणि आपल्या वाटेनं चालू लागायचे.

होमवर्कच्या रकान्यात दुसऱ्या ओळीत "वही, दिली" आणि तिसऱ्या ओळीत रिकामी जागा.

मग दुसरा आणि चौथा रकाना शेजारी शेजारी दिसले. तपासलेल्या विचारावरचा विश्वास: शंभर, नव्वद, सत्तर, तीस, तीस, तीस. प्रश्नावलीचे गुण: एकोणीस, अठरा, एकोणीस, अठरा, एकोणीस, एकोणीस.

एखाद्या विचारावरचा विश्वास शंभरावरून तीसवर येतो आणि माणसाचं दुःख तसूभरही हलत नाही, याचा साधा अर्थ आहे. ज्या विचारानं माणूस जळतोय तो हा विचार नाही. आम्ही सहा आठवडे दुसऱ्याच विचाराशी झगडत होतो. हे आकडे माझ्याकडं आधीपासून होते, दर सत्राला मी स्वतःच मोजलेले. पण ते पानांच्या कोपऱ्यांत विखुरले होते आणि मधली जागा माझ्या वाक्यांनी भरली होती.

सगळं उतरवून झाल्यावर काही ओळी उरल्या. त्या कुठल्याच रकान्यात जात नव्हत्या. दुसऱ्या सत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं: "दारात चप्पल घालता घालता म्हणाली, माणसाच्या तोंडाला लगाम पाहिजे." चौथ्याच्या शेवटी: "जाताना हसून विचारलं, मॅडम, काळ्या जिभेचं माणूस असतं का हो खरंच?" सहाव्याच्या शेवटी: "दार उघडं धरून थांबली. बोललेलं मागं घेता येत नाय ना, म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू."

मी ती वाक्यं तिच्या बोलीचा नमुना म्हणून टिपली होती. परिच्छेदाचा शेवट चांगला व्हावा म्हणून.

बाईंना फोन केला आणि तिन्ही वाक्यं वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ज्याला कुठंच जागा नाही, ते पुढच्या अजेंड्यावर पहिलं टाक."

मी सातव्या सत्राचा कागद तयार केला. मंगळवारी अकरा वाजता तिची वेळ होती. ती आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही.

तिनं दिलेला नंबर जावेचा होता, त्यावर फोन करायची परवानगीही दिली होती. "क्लिनिकमधून बोलतेय," मी म्हटलं, "ताई दोनदा आल्या नाहीत, तब्येत बरी आहे ना?"

"बरी म्हंजी हाय तशीच हाय," जाऊ म्हणाली. "मीच म्हणलं चल, तर नाय म्हणती. तुमच्याबद्दल चांगलंच बोलती बरं का मॅडम. म्हणती, लई जीव लावून विचारत्यात, पण मला सांगायचंय त्याची येळच येत नाय."

मी सातव्या सत्राचा कागद पुढ्यात ओढला. म्हटलं, "त्यांना सांगाल का, यावेळी त्यांना जे सांगायचंय तेवढंच ऐकायचं आहे. दुसरं काही नाही. चूक माझी झाली, हेही सांगा."

तिची गोळी चालू होती, डॉक्टरांकडं ती एकदा येऊन गेली; माझ्या खोलीकडं वळली नाही. तिसऱ्या मंगळवारीही खुर्ची रिकामी राहिली. महिना होत आला, तेव्हा आली. उन्हाळा लागला होता. पदरानं तोंड पुसत बसली आणि मांडीवर कापडी पिशवी धरून ठेवली. प्रत्येक वेळी ती पिशवी सोबत असायची. मला वाटायचं डबा असेल.

मी पुन्हा प्रश्नावली घेतली. वीस. मरणाचा प्रश्न विचारला. पूर्वीइतकंच, जास्त नाही. मग कोरा कागद तिच्याकडं सरकवला.

"ताई, आज काय बोलायचं ते तुम्ही ठरवायचं. माझ्याकडून दोनच गोष्टी. एक, तुम्ही जाताना दारात काहीतरी म्हणायचात, ते मी बसून ऐकलं नाही. दुसरं, मी तुम्हाला एक वही लिहायला सांगितली होती आणि नंतर कधी विचारलंच नाही."

तिनं पिशवीत हात घातला आणि वही काढली. लहान, शाळेची, निळ्या कव्हरची. म्हणाली, "लिवलंय की. तवापासून दर येळी आणती. तुम्ही इचारलं नाय, मग म्हणलं नसंल पाहिजे."

मी वही उघडली. मी तिला सात रकान्यांचा तक्ता समजावला होता: प्रसंग, भावना, विचार, पुरावा आणि काय काय. त्यातलं काही नव्हतं. मोठ्या, वाकड्या अक्षरात रोजची तारीख आणि तिच्याखाली दोन शब्द. मी बोलले. दुसऱ्या दिवशी, मी बोलले. तिसऱ्या दिवशी, मी बोलले. सात दिवस. एका जागी पेन्सिलीनं कागद फाटला होता.

तिसऱ्या सत्रात मी "वही आणलीत का?" एवढं विचारलं असतं, तर सगळं तिथंच समोर आलं असतं. पुढचे महिने वाया गेले नसते. मी हे नंतर अनेकदा मनात घोळवलं. आताही घोळवते.

"काय बोललात, ताई?"

तिनं वही माझ्या हातातून परत घेतली, बंद केली आणि तिच्यावर हात ठेवून सांगितलं.

"सीताफळाचे दिस व्हते. सकाळी गिऱ्हाईक लई असतं. तिला म्हणलं, कालेजला सुट्टी हाय, टपरीवर बस. तर म्हणली, आई, अंग दुखतंय माहं, आज नको. मला आला राग. म्हणलं, काम निघालं की तुहं अंग दुखतं. बहाणेबाज. म्हणलं..." ती थांबली. खालून मेडिकलच्या शटरचा आवाज आला आणि थांबला. "म्हणलं, मर तिकडं."

मी पेन खाली ठेवलं.

"पाचव्या दिशी मेली, मॅडम. मह्या तोंडानं मेली. आणि तेच मनात घिऊन गेली."

त्या दिवशी आम्ही फारसं काही तपासलं नाही. ती रडली, मी बसून राहिले. शेवटी मी दोन वाक्यं लिहिली आणि तिला वाचून दाखवली, बरोबर आहेत का विचारलं. पहिलं: माझ्या शब्दानं ती मेली. दुसरं: ती ते शब्द मनात घेऊन गेली. विश्वास? पहिल्याला पंच्याण्णव, दुसऱ्याला शंभर. होमवर्क काहीही लिहायचं नाही; रोज संध्याकाळी जावेसोबत टपरीपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, एवढंच. निघण्याआधी विचारलं, आज माझ्याकडून काही राहिलं का, काही खटकलं का. हा प्रश्नही मी सहा आठवड्यांत विचारला नव्हता. ती म्हणाली, "नाय. आज बोलले."

आठव्या सत्रात पहिलं वाक्य घेतलं. त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून ती म्हणाली, मी बोलले आणि ती मेली. मी लिहिलं. मग विचारलं, "मर तिकडं, हे तुम्ही आयुष्यात आणखी कुणाकुणाला म्हणालात?"

ती बोटांवर मोजू लागली. "नवऱ्याला म्हणते. धाकट्याला म्हणते. म्हशीला तर रोज." मग म्हणाली, "माकडांना म्हणते. टपरीवर येत्यात, पेरू उचलून पळत्यात. दिसातून धा येळा म्हणते, मरा तिकडं."

"मग?"

"मरत्यात कुठं. वाढतच चालल्यात." आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर घेऊन ती हसली, मीही हसले, आणि त्या हसण्यातच ती इतकी हमसून रडायला लागली की डॉक्टरांनी बाहेरून दारावर टकटक केली. सत्राच्या शेवटी पहिल्या वाक्यावरचा विश्वास चाळीस. गुण सतरा.

दुसरं वाक्य अवघड होतं. मुलगी काय मनात घेऊन गेली हे कुणाला माहीत? आम्ही त्या पाच दिवसांत ती काय काय बोलली ते आठवायला घेतलं, पण आईला फार थोडं आठवत होतं. दवाखान्यात रात्रंदिवस जाऊ थांबली होती. तिला विचारायचं, हे तिच्याच मनात आलं. आजवर तिनं विचारलं नव्हतं, कारण उत्तराची भीती होती.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आणि जाऊ म्हणाली, पोरगी रागावली होती, तर?"

मी त्याचा विचार केला नव्हता.

"मग तो आधी तिच्याबरोबर कर. उत्तर चांगलं येईल म्हणून विचारायला पाठवू नकोस. जे येईल ते येईल."

त्यामुळं नववं सत्र आम्ही त्यावरच काढलं. चांगलं ऐकायला मिळालं तर काय वाटेल, वाईट मिळालं तर काय वाटेल, त्या संध्याकाळी कुणाजवळ बसायचं. अजेंडा तिनंच सांगितला, मी लिहिला. होमवर्कच्या रकान्यात लिहिलं: जावेला विचारणे.

दहाव्या सत्राला ती आली तेव्हा दोघी आत आल्या. "तिलाच सांगू द्या," ती म्हणाली. जाऊ उभीच राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"पहिल्या दिशी रागात व्हती," जाऊ म्हणाली. "मला म्हणली, काकू, आई मला बहाणेबाज म्हणली. मीच म्हणलं, आईचं काय मनावर घेती. मग ताप चढला. चौथ्या दिशी मला म्हणली, आईला घरी पाठव, तिचे पाय सुजलेत, काल धरनं उभीच हाय. तिला जेवाय घाल. मग मी हिला बाहीर नेलं, चहा पाजला. नंतर तिला काय बोलता आलं नाय."

एवढंच. जाऊ बाहेर गेली. मग मी पेन उचललं आणि विचारलं, आता त्या दुसऱ्या वाक्याचं काय लिहू?

ती पायांकडं बघत होती. म्हणाली, "रागात बी व्हती. माह्या पायाकडं बी बघत व्हती. दोन्ही लिवा."

मी दोन्ही लिहिलं. तिच्या शब्दांत, जसंच्या तसं. विश्वासाचा आकडा पन्नास. मला तो आणखी खाली यावा असं वाटत होतं, पण मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर गुण उतरत गेले. चौदा, मग बारा. जूनमध्ये तिनं टपरी उघडली, आधी दोन तास, मग दुपारपर्यंत. जुलैच्या शेवटी नऊ. चौदाव्या सत्रात आम्ही पुढच्या अवघड दिवसांची यादी केली. तिनं सांगितलं, पहिलं सीताफळ. मग वर्षश्राद्ध. त्या दिवशी कोण सोबत असेल, झोप दोन रात्री लागली नाही तर कुणाला सांगायचं, मरणाचे विचार वाढले तर कुणाला फोन करायचा, सगळं एका कागदावर आलं. कागद तिनं वहीत घडी करून ठेवला. महिन्यातून एकदा यायचं ठरलं.

सप्टेंबरच्या शेवटी, वर्षश्राद्ध झाल्यावर चार दिवसांनी ती आली. केस विंचरलेले नव्हते. मी प्रश्नावली वाचत गेले, ती उत्तरं देत गेली. मी बेरीज केली. तेरा.

माझा हात थांबला. तिला ते दिसलं.

"वाढलं का?"

"वाढलंय, ताई. गेल्या वेळी नऊ होतं."

"तिच्या वर्गातल्या पोरी आल्या व्हत्या श्राद्धाला," ती म्हणाली. "एकीचं लग्न ठरलंय. पाया पडली माह्या. ती गेल्यावर मी मागं म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसले." थोड्या वेळानं म्हणाली, "मह्या बोलण्यानं मेली असं नाय वाटलं मॅडम त्या दिशी. नुसतं, नाय ती, असं वाटलं."

मी दोन्ही वाक्यांचे आकडे विचारले. पहिलं पंधरा. दुसरं पस्तीस. ते खालीच होते. दुःख मात्र वर गेलं होतं. यावेळी मला त्याचा अर्थ शोधावा लागला नाही. ज्या आईची मुलगी गेली तिला वर्षश्राद्धाच्या आठवड्यात झोप लागत नाही. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी मी बाईंना कागद दाखवला. म्हटलं, "तेरा लिहिताना जड गेलं."

"जाणारच," त्या म्हणाल्या. "तरी तेरा आहे तर तेराच लिही." मग त्यांनी फाईलच्या मागच्या बाजूची माझी जुनी लांबलचक पानं पुन्हा काढून वाचली, दारातली ती तीन वाक्यं बोटानं दाखवली आणि म्हणाल्या, "हे टिपलं होतंस म्हणून बरं झालं. पण तिला एकटीला दारात उभं ठेवून टिपलंस." मी ती पानं परत फाईलमध्ये लावली.

तिची पुढची वेळ ऑक्टोबरात होती. ती जाण्यापूर्वी मी विचारलं होतं, पुढच्या वेळी काय बोलायचं. ती खुर्चीत बसूनच, घाई न करता म्हणाली, "धाकट्यावर वरडायचं सोडलंय मी. भीती वाटती. पण पोरगं बिघडंल असंबी वाटतं. ते घ्या."

मी पुढच्या सत्राच्या पहिल्या ओळीत ते लिहिलं.